व्हीलचेअर असलेल्या घराने पुराआधी कसं निघावं

माझ्या भावाच्या मानेच्या मणक्याला अपघातात इजा झाली, त्याला आता नऊ वर्षं झाली. खांदे आणि कोपर चालतात, बोटं चालत नाहीत, छातीखाली संवेदना नाही. लघवीसाठी कायमचा कॅथेटर आहे, पायांचे झटके आवरायला बॅक्लोफेनच्या गोळ्या आहेत आणि रात्री श्वासासाठी बायपॅप मशीन लावावं लागतं. दिवसभर तो मोटरच्या व्हीलचेअरवर असतो. घर तळमजल्यावर, दारात पाच पायऱ्या.

पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा आम्ही शेजाऱ्यांबरोबर निघालो. तीच चूक झाली. शेजारी पंधरा मिनिटांत बाहेर पडले. आम्हाला दोन तास दहा मिनिटं लागली आणि शेवटी भावाला गुडघाभर पाण्यातून उचलून न्यावं लागलं. बॅटरीची खुर्ची मागेच राहिली. सामान एवढं का पडलं, माणसं कमी का पडली, हे प्रश्न नंतर बरेच चघळले. खरी अडचण मात्र एवढीच होती की आमच्या घराला निघायला किती वेळ लागतो, हे आम्हाला माहीतच नव्हतं. म्हणून या लेखातली सगळी तयारी एका आकड्याभोवती आहे: तुमच्या घराला निघायला लागणारी मिनिटं.

उदाहरण आमचंच घेतो. तुमच्या घरी आजार वेगळा असेल, पण कामाचा क्रम बहुतेक हाच राहील.

पहिली पायरी: काय किती वेळ थांबू शकतं

तयारीची यादी करायला बसलं की बॅटरी, मेणबत्ती, शिट्टी अशा वस्तूंनी कागद भरतो. त्याऐवजी ज्याच्यासाठी तयारी चालली आहे त्यालाच शेजारी बसवा आणि एकेक गोष्ट घेऊन विचारा, ही नसली तर किती वेळ चालेल? उत्तरं तासांत लिहा.

आमचा कागद असा झाला. नळी अडली तर एक ताससुद्धा नाही. कुशनशिवाय कडक जागेवर बसणं, एक-दोन तास. बॅक्लोफेन, एक डोस फार तर उशिरा. बायपॅप, एखादी रात्र निभेल, पण सकाळी डोकं जड आणि झोपाळलेलं. मोटरची खुर्ची, कितीही दिवस, चिडचिड सोडली तर. शेवटची ओळ भावाने स्वतः सांगितली. आम्ही त्या खुर्चीसाठी जीव टाकत होतो आणि यादीत ती सगळ्यात खाली निघाली.

ज्या गोष्टी एका दिवसाच्या आतल्या निघतील, त्या माणसाच्या अंगावर किंवा मांडीवर जातील. बाकीच्या बॅगेत. बॅग वेगळ्या गाडीत किंवा वेगळ्या होडीत जाऊ शकते. आमची गेली होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली.

दुसरी पायरी: औषधं

काही औषधं चार दिवस चुकली तरी फारसं बिघडत नाही. काही एकदम थांबवली की थांबवण्याचाच आजार होतो. बॅक्लोफेन अचानक बंद झालं तर झटके प्रचंड वाढतात, ताप चढतो, भास होतात, फिट येऊ शकते. फिटची औषधं तुटली तर एकामागून एक, न थांबणाऱ्या फिट्स येण्याचा धोका असतो. बरेच दिवस स्टिरॉइड घेणाऱ्याने ते एकाएकी सोडलं तर रक्तदाब धोकादायक उतरतो. डॉक्टरांकडे पुढच्या खेपेला जाल तेव्हा चिठ्ठी समोर ठेवून विचारा, यातलं कुठलं एकदम बंद करून चालणार नाही? त्या नावांखाली लाल रेघ ओढा. डोस चुकला तर पुढे काय करायचं, तेही तेव्हाच लिहून घ्या. एक गोळी राहिली म्हणून पुढच्या वेळी दोन घेणं प्रत्येक औषधाला चालत नाही.

लाल रेघेच्या औषधांचा साठा चौदा दिवसांचा ठेवावा, असं माझं मत आहे. सात दिवसांत पाणी ओसरतं, पण दुकानांत माल यायला आणखी दिवस जातात. हा साठा वेगळा डबा करून कपाटात पुरून ठेवला तर दोन वर्षांनी तो मुदत संपलेल्या गोळ्यांचा निघतो. सोपी रीत अशी: नवीन पाकीट आलं की ते मागे ठेवायचं आणि जुनं पुढे ओढून वापरायचं. पुढचं पाकीट संपायला चौदा दिवस उरले की नवीन आणायचं. साठा आपोआप ताजा राहतो.

त्यातल्या तीन दिवसांच्या गोळ्या भावाच्या छातीवरच्या चपट्या पाऊचमध्ये असतात. गोळ्या पट्टीतून सुट्या काढू नका. नाव आणि मुदत पट्टीवरच असते आणि ओल लागली की सुटी गोळी विरघळते. पट्टी कापायची झाली तर नाव असलेली कड आपल्याकडे राहील अशी कापा. चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये आणि छापील प्रत पाऊचमध्ये. त्यावर कंपनीच्या नावाशेजारी औषधाचं मूळ नाव हवंच, कारण दुसऱ्या गावात तीच कंपनी मिळेल असं नाही.

इन्सुलिन असेल तर एवढं लक्षात ठेवा. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालतं, पण ऊन आणि तापलेली गाडी टाळायला हवी; आपल्या प्रकाराची मुदत आणि तापमान पाकिटावर असतं. बर्फाला चिकटवून ठेवलेलं इन्सुलिन गोठतं आणि गोठलेलं टाकूनच द्यावं लागतं, नंतर वितळलं तरी. मध्ये कापडाची घडी घाला.

पुराचं पाणी लागलेलं औषध, फिरकीचं झाकण घट्ट असलं तरी, वापरू नका. त्या पाण्यात गटार असतं आणि झाकणाच्या आट्यांत ते शिरतं.

गोळ्यांबरोबर नळीचं सामान जातं. दोन जादा कॅथेटर, दोन पायाच्या पिशव्या, एक रात्रीची पिशवी, कॅथेटर आत धरून ठेवणारा फुगा भरायला निर्जंतुक पाणी आणि सिरिंज, हातमोजे. दर वेळी नवी नळी घालणाऱ्यांना दिवसाला चार ते सहा लागतात, म्हणजे आठवड्याला अठ्ठावीस ते बेचाळीस. आकडा मोठा दिसतो, पण एका पसरट पाकिटात मावतो.

एक कार्ड

पाऊचमध्ये एक कार्ड असतं. त्यावर आजाराचा इतिहास नाही. अनोळखी माणसाने पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं तेवढंच आहे. भावासारखी इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असली की ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया नावाचा प्रकार होऊ शकतो. खाली कुठे तरी त्रास होतो, बहुतेक वेळा नळी दुमडते किंवा पिशवी तुंबते. त्याला ते जाणवत नाही, पण शरीर रक्तदाब भराभर वाढवतं. डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम येतो. पुरातून काढताना नळी दुमडणं ही अगदी सहज होणारी गोष्ट आहे आणि मदतीला आलेला माणूस डोकेदुखी ऐकून त्याला आडवा करतो. तेच नेमकं करायचं नसतं.

आमच्या कार्डावर मोठ्या अक्षरांत आहे: सरळ बसवा, पाय खाली सोडा. पट्टे आणि कपडे सैल करा. पिशवीपासून वर नळी तपासा, पिळ काढा, पिशवी रिकामी करा. तेवढ्याने पाच-दहा मिनिटांत उतार पडला नाही तर ही तातडीची वैद्यकीय अडचण आहे. खाली त्याचा नेहमीचा रक्तदाब लिहिलाय, वरचा आकडा १०० च्या आसपास. हा आकडा फार कामाचा आहे. १४० बघून डॉक्टर म्हणतील थोडाच वाढलाय, पण त्याच्यासाठी ती मोठी उडी असते.

तुमच्या घरी फिट येत असेल, बोलता येत नसेल, अनोळखी स्पर्शाने घाबरायला होत असेल, तर कार्डावरची वाक्यं बदलतील. तीनचार वाक्यांच्या वर जाऊ नका. पावसात कोणी वाचत नाही.

तिसरी पायरी: विजेचा हिशेब

मशीनच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. वॅट गुणिले तास म्हणजे लागणारी वीज. बायपॅपची पाणी तापवणारी बाजू बंद ठेवली की आमचं मशीन साधारण ४० वॅट घेतं. आठ तासांचे झाले ३२० वॅट-तास. पाणी तापवणं चालू ठेवलं तर खर्च दुपटीच्या पुढे जातो, म्हणून वीज गेल्यावर पहिलं काम ते बटण बंद करणं. नाक थोडं कोरडं पडतं, एवढंच.

घरातली इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्ट १०० अँपिअर-तास असेल तर कागदावर १२०० वॅट-तास होतात. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, आणि इन्व्हर्टरमध्येही थोडी वीज वाया जाते. हातात ५०० धरा. म्हणजे आमची एक रात्र निघते आणि थोडं उरतं.

आता तीच बॅटरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरला लावून बघा. पाच लिटरचं मशीन सुमारे ३५० वॅट घेतं. दीड तासही निघत नाही. अनेक घरं इथेच फसतात. इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत असतात. ऑक्सिजनवर माणूस असेल तर भरलेलं सिलिंडर हवंच. त्याचा हिशेब सोपा आहे: सिलिंडरमधले लिटर भागिले मिनिटाला लागणारे लिटर. १५०० लिटरचं सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास चालेल. काटा शून्यावर जाईपर्यंत वाट बघायची नसते, म्हणून दहा तास समजा. चावी सिलिंडरला दोरीने बांधून ठेवा. चावीविना भरलेलं सिलिंडर म्हणजे नुसतं लोखंड.

हवेची गादी असेल तर वीज गेल्यावर ती हळूहळू बसते आणि माणूस पलंगाच्या फळीवर येतो. काही गाद्यांच्या नळीला हवा अडवणारं झाकण असतं, ते आपल्या गादीला आहे का ते आजच बघा. नसेल तर खाली जाड फोम असू द्या.

चौथी पायरी: निघण्याचा सराव

आम्ही सराव पहिल्यांदा केला तो कोरड्या दिवशी, एका सुट्टीच्या सकाळी, घड्याळ लावून. भाऊ पलंगावर झोपलेला असताना सुरुवात केली, कारण पाणी रात्री येतं असंच धरायचं. पिशवी रिकामी करणं आणि कपडे, २५ मिनिटं. पलंगावरून साध्या खुर्चीत, १०. पाऊच, बॅग, बायपॅप, कुशन, १५. पाच पायऱ्या, १०. गाडीत बसवणं आणि खुर्ची घडी करून चढवणं, १५. एकूण ७५ मिनिटं. हे चौथ्या सरावाचे आकडे आहेत. पहिल्या वेळी पायऱ्यांवरच अडकलो होतो.

पायऱ्यांबद्दल थोडं सविस्तर. मोटरची खुर्ची पायऱ्यांवरून उचलायची नाही. तिचं वजन बहुधा माणसापेक्षा जास्त असतं आणि ती निसटली तर खालच्या माणसाचा पाय गेलाच. घडीची साधी खुर्ची घराबाहेर पडण्यासाठी वेगळी ठेवा, जुनी चालेल, पण ब्रेक आणि टायर नीट हवेत. उतरताना बसलेल्याचं तोंड पायऱ्यांच्या खालच्या दिशेला. मागचा माणूस मुठी धरून खुर्ची मागे कलती करतो आणि मोठी चाकं एकेक पायरी उतरवतो. पुढचा माणूस खाली उभा राहून खुर्चीच्या पक्क्या सांगाड्याला धरतो. हाताचे आणि पायाचे आधार धरायचे नाहीत, ते हातात निघून येतात. आमच्याकडे पहिल्या सरावात पायाचा आधार निघाला. सुदैवाने खुर्चीवर वाळूची पोती होती. पहिला सराव भावाच्या वजनाच्या पोत्यांनीच करायचा हे त्याचंच म्हणणं होतं.

आणि उचलताना ‘एक, दोन, तीन’ ही मोजणी एकानेच करायची. आमच्याकडे ती भाऊ करतो. बसलेल्याला कलण्याचा अंदाज सगळ्यांत आधी येतो.

उचलणाऱ्यांची नावं चार ठेवा, कारण दोघं तरी गावाबाहेर असतील. शेजारच्या मुलांना एकदा सरावाला बोलवा. ऐन वेळी धावून येणारा माणूस प्रेमापोटी काखेत हात घालून खेचतो. ज्याला खांद्याखाली फारसं बळ नाही त्याचा खांदा अशा ओढण्याने निखळू शकतो.

पाचवी पायरी: कुठल्या खुणेला निघायचं

आता मिनिटांचं काम. रस्त्यातली सर्वांत खोलगट जागा शोधा. घर बुडण्याआधी ती बुडते आणि वाट बंद होते. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी चालत्या माणसाचे पाय निसटतात, ३० सेंटिमीटर लहान गाडी तरंगवू शकतं आणि ६० सेंटिमीटर बहुतेक गाड्या वाहून नेतं. त्यामुळे ती जागा ओली होण्याआधीच आपण तिच्यापलीकडे असायला हवं.

आमचा हिशेब असा. सरावात ७५ मिनिटं. रात्र, पाऊस आणि घबराट धरून दुप्पट, १५० मिनिटं म्हणजे अडीच तास. आमच्याकडे पाणी वेगाने चढलं तेव्हा तासाला सुमारे ३० सेंटिमीटर चढलं होतं. अडीच तासांत ७५ सेंटिमीटर. खोलगट जागा बुडते त्या पातळीच्या ७५ सेंटिमीटर खाली आम्ही पुलाच्या खांबावरची एक रेघ हेरून ठेवली आहे. पाणी त्या रेघेला लागलं की घरात चर्चा होत नाही, कपडे घालायला सुरुवात होते. शेजारी तेव्हा टीव्ही बघत असतात. दोन वेळा आम्ही निघालो आणि पाणी आलंच नाही. लोक हसले, भाऊही हसला. तिसऱ्या वेळी मी ती रेघ खाली आणली नाही की वर नेली नाही.

धरणातून पाणी सोडल्याने किंवा डोंगराळ भागात एकदम येणाऱ्या लोंढ्याला ही रेघ उपयोगी नाही. तिथे इशारा आला की लगेच निघायचं, किंवा पोचता येईल असा वरचा मजला आधीच ठरवायचा. वरचा मजला निवडलात तर औषधं, पाणी आणि फोम आधीपासून तिथेच हवं.

तुमच्या भागातल्या आपत्ती नियंत्रण कक्षाला आधी कळवून ठेवा. ‘अपंग व्यक्ती आहे’ एवढ्याने फारसं कळत नाही. असं सांगा: उभं राहता येत नाही, वजन अमुक, उचलायला चौघं लागतात, बसूनच नेता येतं, वीज लागणारं मशीन आहे. होडी पाठवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

होडीत

होडी आली तर एक गोष्ट सगळ्यांत आधी. खुर्चीत बसवून नेताना माणसाला खुर्चीला बांधायचं नाही. जमिनीवर जो पट्टा पडण्यापासून वाचवतो, तोच होडी उलटली तर माणसाला खुर्चीबरोबर तळाला नेतो. शक्यतो त्याला खुर्चीतून काढून होडीच्या तळाशी, कुशनवर, पाठीला आधार देऊन बसवा. खुर्ची वेगळी. लाइफ जॅकेट असं हवं की बेशुद्ध माणसाचंही तोंड वर राहील, कारण हातांनी पोहणं त्याला जमणार नाही. आणि पायाची पिशवी बसण्याआधी रिकामी.

निवाऱ्यात

पहिली रात्र सगळ्यांत वाईट असते आणि ती त्वचेसाठी. ज्याला संवेदना नाही त्याला टोचत नाही, म्हणून तो तक्रार करत नाही. खुर्चीत असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे वाकवा किंवा बाजूला कलवा, आडवा असताना दर दोन तासांनी कूस बदला. फोनवर गजर लावून पाळी वाटून घ्या. सकाळी बैठकीची हाडं, कंबर, टाचा उजेडात बघा. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा होत नसेल, तर त्या जागेवर पुन्हा वजन टाकायचं नाही.

निवाऱ्यात शौचालय लांब आणि पायऱ्यांचं असतं, म्हणून माणसं पाणी प्यायचं थांबवतात. कॅथेटर असलेल्याने असं केलं की लघवी घट्ट होते, नळीत गाळ साचतो आणि मग वर सांगितलेली डोकेदुखी. पिशवीतला रंग बघत राहा. गडद झाला की पाणी कमी पडतंय.

पाय पुराच्या पाण्यात भिजले असतील तर स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, बोटांच्या मधून जखम शोधा. त्याला काच लागलेली कळणार नाही. जखम सापडली तर लेप्टोस्पायरोसिसबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. मानेची इजा असलेल्यांना शरीराचं तापमानही नीट सांभाळता येत नाही, ओल्या कपड्यात चटकन गारठतात आणि कोंदट हॉलमध्ये घाम न येता तापतात. कोरडा जोड आणि पाण्याची फवारणी बाटली, दोन्ही बॅगेत असू द्या.

मागे राहिलेली खुर्ची

मोटरची खुर्ची निघण्याआधी जितक्या उंच ठेवता येईल तितकी उंच ठेवा. मोटरचे खटके सोडले की ती हाताने ढकलता येते, ते खटके कुठे आहेत हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. चार्जर आपल्याबरोबर. परत आल्यावर ती भिजलेली दिसली तर कितीही मोह झाला तरी चालू करून बघू नका. ओल्या कंट्रोलरमध्ये वीज गेली की तो तिथेच जळतो. बॅटरीची जोडणी सोडा, फोटो काढा, चिखल धुऊ नका, दुरुस्तीवाल्याला बोलवा. आमची जुनी खुर्ची मी त्याच संध्याकाळी बटण दाबून बघितली होती. एक हलका आवाज आला आणि डबीतून धूर निघाला.